चार चाव्यांचं युती सरकार

कराडच्या वसतिगृहातल्या चार विद्यार्थ्यांनी प्रत्येकी सहा हजार काढून चोवीस हजारांची २०१२ची स्प्लेंडर घेतली, तेव्हा युती सरकार स्थापन झालं. बार्शीचा आमचा भाचा कोषाध्यक्ष झाला, कारण त्याच्याकडे वही होती. आरसी निपाणीकराच्या नावावर झाली, कारण चौघांत लायसन्स एकट्याकडेच होतं. लातूरकर आणि चिपळूणकर बिनखात्याचे मंत्री झाले. चाव्या मात्र चार केल्या. सरकार कोसळायला एवढं पुरतं.

गाडी विकणारे गृहस्थ फार प्रेमळ. "फक्त बेचाळीस हजार चालली आहे," म्हणाले. चालली असेलही. पण मीटरची केबल तुटलेली होती, त्यामुळे पुढचं किती चालली हे मारुतीरायालाच ठाऊक. सकाळी सातला पोरं पोहोचली, तर इंजिन कोमट. "तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली," हा खुलासा पोरांना आतिथ्य वाटला. गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, हे बघायचं असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन आधीच तापलेलं असलं की हा पुरावा हवेत विरून गेलेला असतो. पोरांनी टाकीवरचं स्टिकर मात्र बारकाईने तपासलं.

पहिल्या महिन्यातलं अर्थधोरण सोपं होतं: ज्याला जायचं त्याने पेट्रोल टाकायचं. या धोरणातून पन्नास रुपयांचं पेट्रोल जन्माला आलं. लिटर एकशे पाचला असेल तर पन्नासात अर्धा लिटरही येत नाही. गाडी कशीबशी बावीस-तेवीस किलोमीटर जाते. चिपळूणकर वीस किलोमीटरचं काम काढायचा, पन्नास टाकायचा आणि उरलेले थेंब पुढच्या पिढीसाठी वारसा म्हणून ठेवायचा.

त्यातून कॉकचं राजकारण सुरू झालं. टाकीखालचा कॉक 'ऑन'वर असताना पेट्रोल ठरावीक पातळीखाली गेलं की गाडी आचके देते. मग कॉक 'रिझर्व्ह'ला फिरवायचा आणि थेट पंप गाठायचा. कॉककडून मिळणारी सूचना ही एवढीच. पेट्रोल भरलं की कॉक परत 'ऑन'ला आणायचा असतो. आमच्या सरकारात तो कायम रिझर्व्हला असे आणि आधीच्या मंत्र्याने हे पुढच्याला सांगायचं नाही, असा संकेत पडला होता. एका रात्री लातूरकराची गाडी कोल्हापूर नाक्यावर बंद पडली. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने कॉककडे हात नेला, तर कॉक आधीच रिझर्व्हला. वसतिगृहापर्यंत गाडी ढकलत आणताना त्याने इतर तिघांच्या खानदानाचा जो आढावा घेतला, तो इथे छापता येत नाही.

तरी पेट्रोल बिचारं प्रामाणिक: संपलं की जागच्या जागी गाडी थांबवून हिशेब मागतं. ऑइल तसं नाही. ते कमी झालं तरी गाडी धावत राहते, या गाडीत त्याचा लाल दिवाही नाही, आणि सरळ इंजिनकामाची वेळ येते. शिवाय 'ज्याला जायचं त्याने टाकायचं' या धोरणात ऑइल कोणाच्याच फेरीत बसत नव्हतं. पेट्रोल मी जाळलं हे पटतं. ऑइल मी जाळलं हे कुठलाही घटकपक्ष मान्य करत नाही.

शेवटी पोरं केबल बदलायला गेली, तेव्हा मिस्त्रींनी आपणहून डिपस्टिक काढली. कोरडी.

"ऑइल कधी बघितलेलं?"

"बघायचं असतं?" निपाणीकराने विचारलं.

"न्हाय बाळा, पूजा करायची असती." मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली. इंजिनात तीनशे मिली ऑइल घालून ते दोन-तीन मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं, तेवढीच वाट पाहिली. मग डिपस्टिक फडक्याने पुसून नुसती भोकात टेकवली; आटे फिरवले नाहीत. आटे आवळून मोजलं की काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ओली कड वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधे आली. कारचं ऑइल स्वस्तात मिळतं, ते चालेल का, असं चिपळूणकराने विचारून घेतलं. या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. कारच्या ऑइलमध्ये इंजिन फिरतं खरं, पण क्लच घसरू शकतो. "डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघ आन् घे," मिस्त्री म्हणाले. "न्हायतर इंजिनकामाला माझ्याकडंच येशील, मला काय!" सरकारच्या हिताचा सल्ला देणारा आणि सरकार बुडालं तर कमावणारा तज्ज्ञ एकच असतो, हे पोरांना त्या दिवशी कळलं.

काही दिवसांनी पहिलं अर्थसंकल्पीय अधिवेशन भरलं. केबल बदलल्यावर भाच्याने टाकी फुल्ल केली होती, तेव्हा मीटर ४२,३१० होतं. पुढच्या खेपेला त्याच पंपावर, तशीच मधल्या स्टँडवर लावून, तेवढीच फुल्ल केली. मीटर ४२,५७४ आणि पेट्रोल साडेपाच लिटर. म्हणजे २६४ किलोमीटर, लिटरला ४८. विकणाऱ्याने सत्तर सांगितलं होतं. बहुधा उतारावरचं असावं. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला दोन रुपये एकोणीस पैसे आला.

मग ऑइल. नऊशे मिलीचा डबा चारशेचा, मजुरी शंभर, आणि या वयाच्या गाडीला मिस्त्रींनी दोन हजार किलोमीटरला बदल सांगितलेला. झाले पंचवीस पैसे. वर दर पाचशे किलोमीटरला शंभर मिली जळतं, त्याचे नऊ पैसे. एकूण दोन त्रेपन्न. ठराव झाला की किलोमीटरला तीन रुपये सरसकट. वरचे सत्तेचाळीस पैसे चेन, प्लग, ट्यूब आणि विम्यासाठी. चावी घेताना आणि ठेवताना मीटर वहीत लिहायचं, पेट्रोल फक्त कोषाध्यक्ष भरणार आणि दर रविवारी डिपस्टिकचं जाहीर दर्शन.

परिणाम भयंकर झाला. चहाची टपरी जाऊन-येऊन दोन किलोमीटर, म्हणजे सहा रुपये, हे वहीत दिसू लागल्यावर मंत्रिमंडळ पायी चहाला जाऊ लागलं. ठरावानंतरच्या पहिल्या महिन्यात गाडी सहाशे किलोमीटर चालली होती आणि निधीत २८२ रुपये पडले होते. दुसऱ्या महिन्यात चारशेच चालली आणि पडले १८८. जनता काटकसर करू लागल्याने महसूल घटला! भाच्याने तत्काळ साडेतीन रुपये दराचा प्रस्ताव मांडला.

तेव्हा सगळ्यात जास्त चालणारा लातूरकर उठला. विम्याचे साडेआठशे रुपये गाडी उभी राहिली तरी भरायचेच आहेत, मग ते किलोमीटरवर का? पेट्रोल आणि ऑइल जो चालवेल त्याने भरावं, विमा चौघांनी सारखा वाटावा. मुद्दा बिनतोड होता. चिपळूणकराने लगेच विरोध केला: आपण हल्ली चालतच नाही, तर विमा का द्यावा? विधेयक तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झालं. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला दोनशे साडेबारा रुपये आले, आणि दर तीनावरच राहिला.

भाच्याने आईला फोन करून सांगितलं, "पास झालं!" परीक्षेचा निकाल लागला असं समजून माउलीने गल्लीत पेढे वाटले. तो खर्च किलोमीटरला किती पडला, ते अजून वहीत नाही.