किरणराव आल्या

मांजरी बुद्रुकच्या आमच्या सोसायटीत तक्रारींना उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी उत्तम आहे असं मीच मीटिंगमध्ये म्हणालो होतो. 2021 साली गाव महापालिकेत गेलं, पण टँकर काही गेले नाहीत. त्यामुळे तक्रारींना तोटा नव्हता.

पहिलीच चिठ्ठी बी विंगच्या किरण यांची. बाई की बुवा, नावावरून कळेना. पण शेवटी लिहिलं होतं, ‘उद्या येतो आणि बोलतो.’ झालं! मी ऐटीत उत्तर लिहिलं, ‘किरणराव, जिने चढून दमला असाल...’

दुसऱ्या दिवशी किरणराव आल्या. माहेर कोल्हापूरचं. “काका, आमच्याकडं बायकापण येतो-जातोच म्हणतात की!”

पुढच्या पत्रात मी धोकाच पत्करला नाही. ‘आपण दमला/दमल्या असाल, खजिनदार म्हणाले/म्हणाल्या...’ खजिनदारांनी ते सभेत ‘तिरकी रेघ’सकट मोठ्याने वाचून दाखवलं. तीस वर्षांचा शेजार, तरी मी त्यांनाही तिरकी रेघ दिली होती.

मग बायकोने लाल पेन काढलं. ती शाळेत मराठी शिकवायची. म्हणाली, “तुम्ही आलात, तुम्ही याल, यात बाईपुरुष कुठे दिसतं? ते खुशाल लिहा. ‘दमला असाल’मध्ये मात्र दिसतं, तर ‘तुमची दमछाक झाली असेल’ म्हणा. क्रियापद दमछाकीच्या मागे जाईल, माणसाला हात लावणार नाही.” ‘तुम्ही तक्रार केलीत’ हेही तिने पास केलं, तिथे ‘केली’ तक्रारीवरून येतं.

खरी गोम तिसऱ्या माणसाची. ‘ते म्हणाले’ की ‘त्या म्हणाल्या’, हे ठरवावंच लागतं. पण ‘म्हणणे’ काढून ‘सांगणे’ घातलं, की ‘त्यांनी सांगितलं’. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ हे दोघांनाही चालतं. शाळेत कर्मणी आणि भावे प्रयोग मी फक्त पाच मार्कांसाठी पाठ केले होते. ते पिंपभर पाण्यासाठी उपयोगी पडतील असं कुणी सांगितलं नव्हतं.

मला चेव चढला. ‘तक्रार करण्यात आली असून पाहणी करण्यात येत आहे’ असं सगळंच लिहू लागलो. बायको म्हणाली, “हा पंचनामा झाला. टाकीत पाणी नाही, प्रेत नाही.” तेव्हा ते आवरतं घेतलं.

परवा सी विंगच्या शीतल यांना लिहिलं, ‘तुमची तक्रार वाचली. टँकरवाल्यांशी बोलणं झालं, त्यांनी उद्याची वेळ दिली आहे. संध्याकाळपर्यंत कळवीन. – सचिव.’ दहादा तपासलं. कुठे काना-मात्रेनेसुद्धा शीतल कोण ते फुटत नव्हतं.

तासाभरात उत्तर आलं, ‘थँक्यू, सचिव मॅडम.’