घागर, लिटर आणि प्रश्न क्रमांक चार

सामाजिक पाहणीत माहिती गोळा करण्यापूर्वी प्रश्नावली मोजक्या लोकांवर वापरून पाहिली जाते, आणि या तालमीला पूर्वचाचणी म्हणतात. तिच्यात परीक्षा लोकांची नव्हे, प्रश्नांची होते, हे पहिल्याच सत्रात शिकवले जाते आणि बहुधा पहिली प्रश्नावली आपटल्यावर कळते. नांदेडच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी लातूर शहरातील घरगुती पाणीवापर हा विषय घेतला, कारण तिचे आजोळ लातूरचे होते, आणि एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील माणसे पाण्याविषयी भरभरून बोलतील असा तिचा कयास होता. माणसे भरभरून बोलली. फक्त विचारलेल्या प्रश्नांना सोडून बोलली.

प्रश्न क्रमांक चार असा होता: ‘आपल्या कुटुंबाचा दैनंदिन सरासरी पाणीवापर किती लिटर आहे?’ पहिल्याच घरातील आजींनी त्यावर, "पाणी मोजून कोण वापरतंय बाई?" असा उलट प्रश्न केला, तेव्हा विद्यार्थिनीने चौकटीत ‘माहीत नाही’ असे लिहिले, आणि पूर्वचाचणीतील ही सर्वांत खोटी नोंद ठरली. घरात टिपाडे किती, नळ आल्यावर कोणते आधी भरायचे आणि पुढची पाळी येईपर्यंत कोणत्या टिपाडाला हात लावायचा नाही, हे आजींना तोंडपाठ होते. उत्तर देणाऱ्याला प्रश्न समजावा लागतो, त्याविषयी आठवावे लागते, आठवलेल्यावरून अदमास बांधावा लागतो आणि अखेरीस तो अदमास छापील चौकटीत बसवावा लागतो, अशी चार पायऱ्यांची मांडणी अमेरिकी संशोधक रॉजर टूरँजो यांनी १९८४ मध्ये केली. आजी पहिल्या तीन पायऱ्या सहज चढल्या असत्या, पण ‘सरासरी’ आणि ‘लिटर’ यांनी चौथी पायरीच काढून नेली होती.

‘आपण पाणी गाळून व उकळून पिता काय?’ या प्रश्नाला मात्र झाडून सगळ्या घरांनी ‘होय’ म्हटले, आणि विद्यार्थिनीने हा आपला सर्वांत यशस्वी प्रश्न मानला. मार्गदर्शक प्राध्यापकांना नेमका तोच संशयास्पद वाटला, कारण ज्या प्रश्नाला सर्वजण एकच उत्तर देतात तो घराघरांतला फरक दाखवूच शकत नाही. येथे एका वाक्यात दोन प्रश्न कोंबले होते, गाळणारी घरे पुष्कळ आणि उकळणारी थोडी असल्याने अर्ध्या होकाराला जागाच उरली नव्हती. शिवाय गळ्यात ओळखपत्र अडकवून वही उघडणारी मुलगी स्वच्छतेची तपासणी करायला आली आहे, असा समज झाल्यावर ‘नाही’ म्हणण्याचा गाढवपणा कोण करील? लोक कागदावरच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, हा प्रश्न आपल्याला का विचारला जात आहे या तर्काला देतात. म्हणूनच टँकर सुरू होणार असल्याची कुणकुण लागलेल्या गल्लीत घरटी माणसांची संख्या एकाएकी वाढली, आणि पुण्यात नोकरीला असलेले मुलगे, बाळंतपणाला यायच्या मुली असे सारे कागदोपत्री घरी परतले.

तरीही खरा कळस सहमतीच्या प्रश्नाने गाठला. ‘पाणीवाटपात अन्याय होत नाही’ या विधानाशी उत्तरदाता सहमत की असहमत, असे विचारले असता एका गृहस्थांनी ठामपणे "नाही!" म्हटले. त्या ‘नाही’चा अर्थ अन्याय होत नाही असा घ्यावा की विधान मान्य नाही असा, हे विद्यार्थिनीला ठरवता येईना, पुन्हा विचारल्यावर गृहस्थ अधिक मोठ्याने "नाही म्हणजे नाहीच!" म्हणाले. नकारार्थी विधान आणि त्यावर असहमती, अशी दुहेरी नकाराची गाठ तोंडी मुलाखतीत सुटत नाही, म्हणून ते विधान सरळ काढून टाकण्यात आले.

दुसऱ्या फेरीपूर्वी प्राध्यापकांनी तिला एक साधी रीत सांगितली: उत्तर मिळाल्यावर ‘मी काय विचारले असे तुम्हाला वाटले?’ असे विचारायचे आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यायचे. त्या टिपणांवरून गाळणे आणि उकळणे यांचे दोन स्वतंत्र प्रश्न झाले, तेही ‘आज प्यायचे पाणी कसे भरले?’ या बिनधोक प्रश्नामागून. माणसे मोजताना काल रात्री या घरी कोण जेवले ते विचारायचे ठरले. आणि चौथा प्रश्न ‘काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती घागरी पाणी लागले?’ असा उतरला. लिटरचा हिशेब विद्यार्थिनीने स्वतःकडे घेतला, म्हणजे त्या-त्या घरची घागर लिटरच्या मापाने भरून पाहायची, कारण दोन घरच्या घागरी सारख्या निघतील याची खात्री नव्हती.

नवी प्रश्नावली घेऊन ती पुन्हा त्याच आजींकडे गेली. आजींनी बोटांवर मोजून चाळीस घागरी सांगितल्या, आणि आकडा लिहून होतो न होतो तोच, "काल नातवाचं बारसं होतं की," अशी पुस्ती जोडली. तेव्हा चौथ्या प्रश्नाखाली ‘कालचा दिवस नेहमीसारखा होता काय?’ हा आणखी एक प्रश्न तिथेच, आजींच्या ओट्यावर बसून, पेन्सिलीने लिहिला गेला.