मुदतवाढीचा अर्ज

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगड किनाऱ्यावर आलं, तेव्हा टोरोंटोच्या एका साहेबांच्या कॉफीयंत्राची माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि मुदत होती शुक्रवार, ५ जून. आता तुम्हीच सांगा, ज्या घरात चहाचं भांडंही बायको माझ्या हाती देत नाही, त्या घरात हे काम आलंच कसं? असो.

वादळाने मुरूडमधल्या नारळी-पोफळी झोपवल्या, खांब आडवे केले, वीज आणि मोबाईलची रेंज सोबत नेली. मग भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, रेंजची एक काडी दिसेल तिथपर्यंत जाऊन मी पत्र लिहायला घेतलं, त्यात वादळाचा वेग, आमचे उडालेले पत्रे, पडलेला फणस आणि शेजारच्या काकूंची गाय असं सगळं सविस्तर घातलं. भाच्याने ते वाचलं आणि म्हणाला, "मामा, पण काम कधी देणार?"

तेवढंच राहिलं होतं.

मग त्याने कामाच्या साइटवरचा टप्प्यांचा पडदा उघडून दाखवला. पहिला टप्पा: पैसे मिळाले. दुसरा: चालू, आणि त्याचे पैसे साहेबांनी आधीच भरून साइटकडे राखून ठेवलेले. तिसऱ्याचे अजून भरलेच नव्हते. म्हणजे मुदतवाढ फक्त दुसऱ्याची मागायची, सगळ्या कामाची नाही. नाहीतर साहेबाला वाटायचं, हा गडी बुडाला. गाय कापली (पत्रातून), आणि उरलं ते मराठीत असं:

"दुसऱ्या टप्प्यातली बारा पानं तयार आहेत, ती सोबत जोडली आहेत. आठ राहिली. चक्रीवादळामुळे इथे वीज नाही. ५ जूनऐवजी गुरुवार, ११ जून, टोरोंटोच्या संध्याकाळी सहापर्यंत देईन. रकमेत बदल नाही. तारीख बदलण्याची विनंती साइटवर पाठवली आहे, कृपया मंजूर करावी."

'टोरोंटोच्या' हा शब्द भाच्याचा. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन, त्यामुळे नुसतं '११ जून' लिहिलं की दोघांची मुदत वेगळी. आणि शेवटचं वाक्य लिहून मी फोन खिशात घालत होतो, तेव्हा तो ओरडला, कारण विनंतीचं बटण मी दाबलंच नव्हतं. नुसत्या निरोपाने पडद्यावरची तारीख हलत नाही; बदल सुचवायचा, समोरच्याने मान्य करायचा, मग ती हलते. साहेब कितीही दयाळू असला तरी पडद्यावर आपण उशीर केलेलेच.

साहेबांनी लगेच मंजुरी दिली, वर घरचे सगळे सुखरूप आहेत ना, असंही विचारलं. ११ जून ही तारीख मात्र मी वायरमनच्या 'दोन दिवसांत येईल' यावर काढली होती.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी वायरमनला विचारलं नाही. पेणच्या मेहुण्याकडे इन्व्हर्टर आहे का, ते आधी विचारलं.