ला होयाचे दोन किनारे आणि अंदमानची शेपूट

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या ला होया इथे चिल्ड्रन्स पूल आणि ला होया कोव्ह हे किनारे रमतगमत गेले तरी पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. पहिल्यावर सहसा सील लोळतात, दुसऱ्यावर सी-लायन. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आई-बाबा एका दुपारी दोन्हीकडचे दीडशे फोटो काढतात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर सगळे ‘सील मासे’ म्हणून धाडून देतात. मासा त्यांतला एकही नाही.

अशा वेळी आधी फ्लिपर, म्हणजे त्यांची वल्ह्यासारखी हातापायांची टोके, पाहावीत. सी-लायनचे पुढचे फ्लिपर लांब आणि बिनकेसांचे असतात. त्यांवर रेलून, छाती काढून तो मानपान राहिलेल्या व्याह्यासारखा बसतो. मागचे फ्लिपर पोटाखाली पुढे वळवता येत असल्याने तो चक्क चालतो. सीलचे पुढचे फ्लिपर आखूड, केसाळ आणि नखे असलेले. मागचे पुढे वळतच नाहीत. त्यामुळे जमिनीवर तो सुरवंटासारखा पोटावर सरकतो. सरकणे संपले की डोके आणि मागचे टोक उचलून केळ्याच्या आकारात पडून राहतो.

पाण्यात नुसते डोके दिसत असेल, तर फोटो मोठा करून कान शोधावा. सी-लायनला इवलासा दुमडलेला कान बाहेर असतो, सीलला नुसते भोक. ओला कान डोक्याला चिकटला, तर बाह्यरेषा कामाला येते. सीलचे डोके वाटोळे, तोंड आखूड. सी-लायनचे तोंड कुत्र्यासारखे पुढे आलेले, आणि वयात आलेल्या कॅलिफोर्नियन नराच्या कपाळावर उंचवटा.

पुढच्या वर्षी हेच आई-बाबा सेल्युलर जेल पाहायला अंदमानला जातात, आणि तिथल्या ड्युगाँगच्या फोटोखालीही ‘सील’ लिहितात. ड्युगाँग हा तिथला राज्यप्राणी. तो आराम करायलाही किनाऱ्यावर येत नाही. तेव्हा खडकावर ऊन खाणारे काही दिसले, तर ते ड्युगाँग नव्हे. ड्युगाँगला मागचे फ्लिपर नसतात. असते ती आडवी पसरलेली, मधोमध खाच असलेली शेपूट, थेट डॉल्फिनसारखी. पण डॉल्फिनच्या पाठीवरचा उभा पर ड्युगाँगला नसतो. तोंड समुद्रगवत चरण्यासाठी खाली वाकलेले. फसवतो तो सील: मागचे दोन फ्लिपर नमस्काराला हात जोडावेत तसे जुळवले की शेपूटच वाटते. पण ती उभी असते, आणि मध्ये फट दिसते.

राहिला बाबांनी ला होयाहून ‘शार्क!!’ म्हणून पाठवलेला, पाण्याबाहेर नुसता काळा पंखा दिसणारा फोटो. सी-लायन पाण्यात कुशीवर पडून फ्लिपर हवेत धरतो, अंगाचे तापमान सांभाळायला. फोटोच्या कोपऱ्यात, पंख्यापासून हातभर अंतरावर, मिशाळ नाक वर आलेले आहे. फॉरवर्ड करण्यापूर्वी ते कोणी पाहिले नाही.