स्वतःच्या नावे जावक

उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिराच्या मागच्या गल्लीत राहणारे आमचे भाऊसाहेब दर १ जूनला स्वतःला पत्र लिहितात. जन्म गेला कचेरीत, त्यामुळे पत्राला जावक क्रमांक, विषय, संदर्भ सगळं असतं. संदर्भ ठरलेला : 'आपले मागील वर्षीचे पत्र.'

१ जून ही अर्थातच गुरुजींनी दिलेली तारीख. पहिलीत घालायचं तर जूनमध्ये सहा पुरी हवीत, म्हणून त्या काळी गुरुजी बिनदिक्कत १ जून टाकायचे; भाऊसाहेबांच्या पिढीतला निम्मा मराठवाडा कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलाय. आईला विचारलं तर 'पोळ्याच्या पुढंमागं झालास' एवढंच. त्यात गंमत अशी, की एक तारखेला जन्मलेल्याचं वय नियमाप्रमाणे आदल्याच दिवशी पुरं होतं. म्हणजे अठ्ठावन्न भरले ३१ मेला आणि नारळही तेव्हाच. पोळा धरला असता तर आणखी तीन पगार पदरात पडले असते, ही हळहळ दरवर्षी परिच्छेद एकमध्ये येते.

परिच्छेद दोन, वर्षाचा आढावा. 'सकाळी फिरणे : प्रगतिपथावर.' (पाय मात्र पीर बाजारापर्यंतच जातात.) 'धाकट्या भावाशी अबोला संपवणे : पत्रव्यवहार सुरू.' फोन केला होता, त्यानं उचलला नाही, भाऊसाहेबांना हायसं वाटलं, याला ते पत्रव्यवहार म्हणतात. साखरेच्या बाबतीत मात्र शब्दांची मखलाशी चालत नाही. उपाशीपोटीची साखर तपासायच्या आधी दोन दिवस भात सोडला की आकडा शहाण्यासारखा वागतो. पण डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी लिहून दिली आणि लग्नसराईतली सगळी जिलबी कागदावर आली. ७.९. भाऊसाहेबांनी शेरा मारला : 'गंभीर दखल घेण्यात आली.'

मग संकल्प. इथे त्यांचा अनुभव बोलतो. 'करावे' लिहिलं की पुढच्या वर्षी जाब द्यावा लागतो, म्हणून 'शक्यतो', 'परिस्थितीनुरूप', 'प्रयत्न व्हावा.' स्वतःवर इतकं मऊ हातानं लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. 'शक्यतो गोड कमी. भावाकडे परिस्थितीनुरूप प्रत्यक्ष जाऊन यावे. स्टेशनपर्यंत चालण्याचा—'

एवढ्यात आतून हाक आली, "अहो, नळाला पाणी आलंय!" या गावात पाणी आलं की वाढदिवस, सुतक, पाहुणे सगळं बाजूला. भाऊसाहेब वाक्य तिथंच टाकून मोटार लावायला धावले. टाकी, पिंप, बादल्या, शेवटी तांब्यासुद्धा भरून तासाभरानं परतले, तर पत्रावर 'प्रत माहितीस्तव : सौ.' या ओळीपुढे निळ्या शाईत शेरा पडला होता :

'स्टेशनपर्यंत चालणे मंजूर. येताना दळण आणावे.'