फोईचं कोडं आणि घारीचा डबा

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा, भिंतीला टेकून बोलते, आमच्या ह्यांची नाइट झालीय मिलमध्ये, झोपलेत आत… तर आपल्या शेजारच्या ताई नाहीत का, त्यांनी यंदा भाचीला कोजागिरीचं ग्रीटिंग पाठवलं. गुलाबाईच्या पाठवणीचं. अख्ख्या गल्लीत तेच चाललंय!

आधी काय झालं माहितीये? कोपऱ्यावरच्या वहिनींनी त्याच पोरीला मोबाइलवर चकचकीत चित्र पाठवलं होतं. सोनेरी अक्षरांत ‘कोजागिरी पौर्णिमेच्या हार्दिक शुभेच्छा’. पोर दुसरीत, तीही गुजराती मीडियमला. ‘कोजागिरी’ कसंबसं लावलं, आणि ‘पौ… पौर…’ करून थांबली ती थांबलीच. पुढं ‘हार्दिक’, त्याच्यापुढं ‘शुभेच्छा’, जोडाक्षरांची रांगच! वहिनी समोर उभ्या होत्या हो. पोरीनं फोन परत दिला नि म्हणाली, “काकी, तुम्हीच वाचा.” वहिनींचा चेहरा असा उतरला ना…

त्यात गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नाही. आपले ख, ज, झ तर गुजराती शिकणाऱ्या पोरांना वेगळेच दिसतात. घरी बोलतात अहिराणी, शाळेत गुजराती, वाचायला आपली मराठी. पोरीनं करायचं काय!

तर काय सांगत होते… हां, ताईंचं ग्रीटिंग. त्यांनी वहीचं पान फाडलं, दुमडलं आणि मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं: ‘आज पुनव. आभाळात चांद मोठा. आजी दूध आटवते. गुलाबाई घरी जाते. तू पण ये, खाऊ ओळख!’ बघा, एक जोडाक्षर नाही! पोर ‘खाऊ’पाशी अडली, पण शेजारी झाकणाच्या डब्याचं चित्र काढलेलं होतं, ते बघून लगेच ओरडली, “खाऊ!”

आणि खाली कोडं. आपल्याकडे गुलाबाईची गाणी झाली की डबा कानाशी हलवून खाऊ ओळखायला लावतात ना, तेच ताईंनी कागदावर आणलं. पण पहिलं जे लिहिलं होतं ते मी बघितलंय, सांगू? ‘गोल गोल, गोरी गोरी, रात्री येते आपल्या घरी.’ मी म्हटलं, ताई, ह्याला ‘चांदणी’ पण चालेल, ‘भाकरी’ पण चालेल. त्यांच्या सासूबाई कोपऱ्यातनं म्हणाल्या, “आणि माझी सूनबाई पण!” हसून हसून मेलो आम्ही. ताईंचं तोंड एवढुसं झालं, पण कागद घेऊन परत बसल्या. पोरीनं ‘भाकरी’ म्हटलं असतं तर तिला चूक कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हणून भाकरीत नसतं, चांदात नसतं, असं काहीतरी घालायचं होतं. मग हे झालं:

गोल माझं अंग, तुपाची शाल,
मावा माझ्या पोटात, पिवळी ना लाल.
चांद वर आभाळात, मी तुझ्या ताटात,
ओळख माझं नाव, सांग बाई थाटात!

तुपाची शाल म्हटल्यावर भाकरी बाद, मावा म्हटल्यावर चांद बाद! उरली काय? घारी! दुसऱ्या दिवशी चांदी पडवा, सुरतेत घारी खाल्ली नाही असं घर सापडायचं नाही. तळून झाल्यावर वरून घट्ट तुपाचा थर देतात ना, तीच शाल. (तात्या टोपेंच्या फौजेसाठी पहिल्यांदा केली म्हणतात इथले. म्हणू देत, आपलाच माणूस तो.) पण हेच कोडं ताईंनी अमळनेरच्या भाच्याला पाठवलं असतं, तर त्यानं जन्मात घारी बघितली नसेल, तो बिचारा पेढाच म्हणत बसला असता. ही पोर पांडेसऱ्याची, तिला मिठाईवाल्याच्या दुकानातले घारीचे ढीग रोज दिसतात. ‘मावा’ वाचला आणि डबा न हलवताच ओरडली, “फोई, घारी!” कोपऱ्यावरच्या वहिनी तिथंच होत्या, म्हणाल्या, “सोप्पं होतं.” मनात म्हटलं, सोप्पंच हवं होतं की हो!

पण खरी गंमत पुढं. पोरीनं पेन्सिल मागितली, त्याच कागदाच्या मागं लिहिलं आणि फोईपुढं धरलं: ‘अंगभर भोकं, पोटात दिवा, नऊ राती जागतो, ओळख ना, देवा!’ ताई म्हणाल्या, “आकाशकंदील.” पोर कंबरेवर हात ठेवून, “फोई, कंदील नऊ राती असतो का?” गरबो हो, गरबो! नवरात्रात चौकात मांडलेला भोकाभोकांचा मातीचा घट! सासूबाईंना आधीच कळलं होतं, पण सुनेला हरू दिलं त्यांनी, मी बघितलं ना त्यांचं हसू. आणि दंड काय, तर ताईंच्या वाट्याची घारी पोरीला. आता ती रोज नवं कोडं घेऊन येते आणि ताई…