नारळावरची शेंडी

"तुमचं नाव आधारकार्डावर कसं आहे हो? दत्तात्रय की दत्तात्रेय?" असं नानांनी कुणाला विचारलं की त्या माणसाच्या हातातला चहा हातातच निवायचा. कारण नाना पर्सोनेल खात्यातले. खात्याच्या दारावर आता 'एचआर' अशी चकचकीत पाटी आहे, पण त्यामुळे नानांच्या प्रश्नाची धास्ती कमी झालेली नाही. मग लोकांना सुगावा लागू नये म्हणून नाना एकाचं नाव तपासायचं असलं तर आणखी चौघांची उगाच विचारतात. परिणाम एवढाच, की एकाऐवजी पाच घरांत रात्री कुणी जेवत नाही.

असा एक नाना बहुतेक कारखान्यांत असतो. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊसाहेब. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, हे ठरवण्याची त्यांना मुभा नसते. ते ठरतं वरच्या मजल्यावर. खाली येतो तो मसुदा. "नाना, जरा नजर टाका. कारणं तेवढी तशीच राहू द्या," असं म्हणून साहेब तो टेबलावर ठेवतात आणि जेवायला जातात. म्हणजे हाती नारळ द्यायचा दुसऱ्यांनी, नानांनी फक्त शेंडी नीटनेटकी करायची. आतलं खोबरं गोड आहे की खवट, हे बघायचं नाही.

नानांनाही ही वाटणी मान्य आहे. किंबहुना त्यांच्याइतकी ती कुणीच पाळत नाही. कारणांचा परिच्छेद आला की ते त्यावर डब्याचं झाकण ठेवतात. अक्षरशः. स्टीलचा डबा, त्याचं गोल झाकण, त्याला कालच्या मेथीचा वास. "उघडं राहिलं की हात शिवशिवतो," असं त्यांचं म्हणणं. पेनाला ते हात लावत नाहीत, शिसपेन्सिल वापरतात. लाल शाईची खूण पाठकोऱ्या कागदावर उमटते, तो कागद झेरॉक्सच्या ट्रेमध्ये जातो आणि संध्याकाळपर्यंत बातमी कँटीनला पोचते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. कँटीनची आजवरची कामगिरी पाहता तो खोडून काढणं अवघड आहे.

मागल्या वर्षीच्या मार्चमधला एक मसुदा मला त्यांच्या शेजारी बसून पाहायला मिळाला. सन 2025. भांडारातला एक कारकून, वय तिशीच्या आत. कारण असं, की भांडाराचा सगळा हिशेब संगणकावर गेल्यामुळे त्याचं पद रद्द केलं आहे. पत्रावर तारीख 28 फेब्रुवारी, आणि शेवटचा कामाचा दिवस 'शनिवार, 28 मार्च'.

नाना पत्र खालून वर वाचतात. आधी सही कुणाची, तिच्याखालचा हुद्दा बरोबर आहे का, मग मजकूर, मग नाव. वरून वाचलं की डोळ्यांना पुढचं वाक्य आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं आणि ते चुकीवरून सरळ घसरत जातात. खालून चढताना प्रत्येक ओळीशी अडखळावं लागतं. तसे अडखळत ते चौथ्या परिच्छेदाशी थांबले. पत्राच्या माथ्यावर नाव भांडारातल्या पोराचं होतं, आणि चौथ्या परिच्छेदात 'श्रीमती' होतं. गेल्या वर्षी काढलेल्या एका बाईंचं पत्र उघडून त्यावरच हे रचलेलं. तीन ठिकाणी नाव बदललं, चौथ्या ठिकाणी विसरलं.

"एकाच पत्रात दोघांना काढलंय," नाना म्हणाले. "काटकसर चांगली, पण एवढी नको."

नावाच्या बाबतीत त्यांचा भरवसा फक्त सर्व्हिस बुकावर आणि टोकन नंबरावर. आडनावासकट एकच नाव असलेले दोघं एकाच खात्यात असतात. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत आडनाव आधी, पगारपत्रकात शेवटी. लग्नानंतर बाईंचं नाव एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर तसंच. पत्रातलं नाव निधीच्या नोंदीशी जुळलं नाही, तर नोकरी जाते ती जातेच, वर आपलेच पैसे काढायला तो माणूस महिनोन्‌महिने 'तो मीच' असं सिद्ध करत हिंडतो.

मग तारखा. यासाठी नाना भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढून टेबलावर घेतात. 28 मार्चला शुक्रवार होता. वार आणि तारीख यांचं भांडण असलं की माणूस सोयीचं काय ते धरतो, आणि कामगाराची सोय आणि कंपनीची सोय एकच असल्याचं अजून तरी कुणी पाहिलेलं नाही. पण खरी गोम पुढे होती. साहेब पत्र देणार होते सोमवारी, 3 मार्चला. महिन्याची लेखी नोटीस म्हणजे ती हातात पडल्यापासून महिना. पत्रावर काय छापलं याला अर्थ नाही. हातात पडल्याचा दिवस धरायचा नाही, म्हणजे मोजणी 4 मार्चपासून आणि महिना भरतो 3 एप्रिलला. 28 मार्चला काढलं तर नोटीस सहा दिवस तोकडी. नानांनी समासात लिहिलं, 'शेवटचा दिवस 3 एप्रिल करावा, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार द्यावा'. पुढे प्रश्नचिन्ह. नाना आज्ञा देत नाहीत, प्रश्नचिन्ह देतात.

आणि मग रुजू होण्याची तारीख. मसुद्यात होतं 9 ऑक्टोबर 2019. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा पोरगा गणपतीत लागला. लागल्या लागल्या विसर्जनाची सुट्टी मागत होता. ऑक्टोबरात कसले गणपती?" त्यांनी त्या वर्षाचं मस्टर काढायला लावलं. त्यात होतं 10 सप्टेंबर 2019. अनंत चतुर्दशी त्या वर्षी 12 सप्टेंबरला होती. झालं असं, की संगणकात 10/09 असं भरलं होतं आणि पत्र तयार करणाऱ्या प्रणालीनं महिना आधी वाचला.

महिनाभर इकडे-तिकडे झालं तर काय बिघडतं, असं मी विचारलं. नानांनी पेन्सिल उलटी धरून टेबलावरच हिशेब मांडला. ज्याचं पद रद्द होतं त्या कामगाराला, तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागायचा. वरचा तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त असला तर तोही पुरं वर्ष. 9 ऑक्टोबरपासून 3 एप्रिल 2025 पर्यंत होतात पाच वर्षं आणि सहा महिन्यांना काही दिवस कमी. म्हणजे पाच वर्षं, पंचाहत्तर दिवस. 10 सप्टेंबरपासून धरलं तर पाच वर्षं आणि सहा महिन्यांवर काही दिवस. म्हणजे सहा वर्षं, नव्वद दिवस. दोन आकड्यांनी जागा बदलली आणि पोराचा पंधरा दिवसांचा पगार गेला. पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, कुणाच्या मनात काळं नव्हतं, आणि तरी.

आता सुराची गोष्ट. मसुद्याची पहिली ओळ अशी होती: 'आपणांस कळविण्यास आम्हांस अत्यंत आनंद होत आहे की'. नेमणूकपत्राचा नमुना. नानांनी 'आनंद' काढला, पण त्या जागी 'खेद' घातला नाही. "खेद होतो तर काढता कशाला, असं वाचणारा म्हणतो. त्याला उत्तर नाही." त्यांनी लिहिलं, 'आपणांस कळविण्यात येते की'. पुढे 'कंपनीची मालमत्ता निमूटपणे जमा करावी' असं होतं. त्यातला 'निमूटपणे' गेला. 'कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही' हे वाक्य पेन्सिलीच्या एका रेघेनं आडवं झालं. जिथे त्याला कसली सबब सांगायचीच नाही, तिथे ऐकून न घेण्याचा रुबाब कशाला?

सूर तपासताना नाना पत्र मोठ्यानं वाचतात, दार लावून, आणि ते मिळणार त्या माणसाच्या आवाजात. कारकुनाचं पत्र कारकुनासारखं, फोरमनचं फोरमनसारखं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की आत नाटकाची तालीम चालली आहे. पण घशात शब्द अडकला की तो कुठे टोचणार, हे त्यांना कळतं.

इथवर सगळं सुरळीत. झाकण उचललं तेव्हा पंचाईत झाली. पद रद्द झाल्याच्या वाक्याला साहेबांनी शेपूट जोडलं होतं: 'तसेच आपल्या कामातील निष्काळजीपणा वारंवार निदर्शनास आला आहे'. मला वाटलं, हाही सूरच. नाना एका रेघेत उडवतील. नानांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हा सूर नाही. हा आरोप आहे. आरोप म्हणजे कारण. आणि कारणाला मी हात लावत नाही."

मी म्हटलं, "पण नाना, तो लागला नाही तर त्या पोराचंच भलं होईल."

"होईल. उद्या दुसऱ्याच्या पत्रातलं खरं कारण मी त्याच्या भल्यासाठी उडवीन, परवा साहेबांच्या भल्यासाठी एखादं घालीन. मग पत्र कुणाचं?"

त्यांनी समासात बारीक अक्षरांत लिहिलं: 'पद रद्द, की निष्काळजीपणा? दुसरं असल्यास चौकशी झाली का? कागद कुठे?' साहेबांनी ते वाचून वकिलांना फोन लावला. आरोप ठेवून काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, म्हणणं मांडायची संधी, हे सगळं लागतं. नुसतं पद रद्द करायचं तर त्या वाक्याची गरजच नाही, आणि ते ठेवलं तर साधी कपात शिक्षा ठरायची. साहेबांनी शेपूट कापलं. पण नानांनी ते कापू दिलं साहेबांच्याच पेनानं, बाजूला साहेबांचीच आद्याक्षरं घेऊन. स्वतःचा खोडरबर त्यांनी खिशातनं बाहेर काढला नाही.

याच्या उलटही ते तितकेच कडक असतात. एकदा वरती 'असमाधानकारक काम' असं कारण आणि खाली 'आपल्या उत्कृष्ट सेवेबद्दल कंपनी आपली ऋणी आहे' असा समारोप घेऊन एक पत्र आलं. सगळ्यांना तो समारोप फार सभ्य वाटला. नाना म्हणाले, "कामगार न्यायालयात त्याचा वकील फक्त शेवटची ओळ वाचून दाखवील." तिथेही त्यांनी स्वतः काही खोडलं नाही. प्रश्नचिन्ह टाकलं. गोड बोलूनही कारण बदलता येतं, आणि तसं बदलण्याचा मोह चांगल्या माणसांनाच जास्त होतो, अशी त्यांची तक्रार आहे. या तक्रारीमुळे त्यांना कुणी चांगला माणूस म्हणत नाही.

भांडारातल्या पोरानं पत्र घेतलं ते 3 मार्चला दुपारी. त्याला नव्वद दिवसांचे पैसे मिळाले. ते नव्वद कसे झाले, हे त्याला ठाऊक नाही.

वाचकहो, असं पत्र कुणाच्याही हाती न येवो. पण आलंच, तर वाईट वाटून घ्यायच्या आधी रुजू झाल्याची तारीख पहिल्या नेमणूकपत्राशी ताडून बघा, नाव निधीच्या नोंदीशी जुळवा, आणि पोच म्हणून सही कराल तेव्हा सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हातानं घाला. छापलेल्या तारखेवर विसंबू नका. सगळ्याच कारखान्यांत नाना असतातच असं नाही.